शाब्दिक उदाहरणांची भाषा सोपी करायची, पण गणित तेवढंच अवघड ठेवायचं. कसं?

रेघोटी

सातवीला गणित शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा वेगळी आहे, मराठी त्यांना शाळेत आल्यावरच भेटली. मैदानावर ती फाडफाड मराठी बोलतात. फळ्यावर २/३ × ३/५ लिहिलं तर चटकन सोडवतात. पण कार्यपत्रिकेत खालचं उदाहरण आलं आणि यातल्या बहुतेकांनी ते कोरं सोडलं:

> एका वाचनालयास नव्याने प्राप्त झालेल्या पुस्तकांपैकी १/३ पुस्तके बालविभागाकडे सुपूर्द करण्यात आल्यानंतर उर्वरित पुस्तकांपैकी २/५ पुस्तकांची नोंदणी पूर्ण झाली असून त्यातील ७२ पुस्तकांची नोंदणी अद्याप प्रलंबित असल्यास, वाचनालयास प्रारंभी प्राप्त झालेल्या एकूण पुस्तकांची संख्या काढा.

आमच्या एका सहकाऱ्यांनी याचं सोपं रूप सुचवलं:

> वाचनालयात १८० पुस्तके आली. त्यांपैकी १/३ पुस्तके बालविभागाला दिली. किती उरली? उरलेल्यांपैकी २/५ पुस्तकांची नोंद झाली. किती पुस्तकांची नोंद राहिली?

हे सगळ्यांना येतं. पण मला ते पटत नाही. भाषेबरोबर गणितही पातळ झालंय असं वाटतं. भाषा सोपी करावी आणि गणिताची काठिण्यपातळी जागची हलू नये, हे कसं साधायचं? आणि साधलं की नाही हे ओळखायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

---

पाटी_पेन्सिल

मी खासगी वर्ग घेतो. माझा उपाय सरळ आहे. महत्त्वाचे शब्द ठळक करा आणि मुलांकडून पाठ करून घ्या. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'शिल्लक' किंवा 'उरलेले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार. ज्यांना भाषा कमी येते त्यांना याचा फार आधार वाटतो.

---

शून्य_बाकी

पाटी_पेन्सिल, वरच्याच उदाहरणात 'एकूण' आहे. बेरीज कशाची करू? १/३, २/५ आणि ७२ ची? :)

---

उंबरठा

ताई, मुलांच्या मातृभाषेत भाषांतर करून का देत नाही? प्रश्नच मिटला.

---

रेघोटी

@उंबरठा, वर्गात चार-पाच घरभाषा आहेत आणि त्यांतल्या दोन मला अजिबात येत नाहीत. शिवाय परीक्षा मराठीतच आहे. मला भाषांतर नको आहे, मराठीच ठेवून वाक्यरचना बदलायची आहे.

---

त्रैराशिक

प्रश्नपत्रिका तयार करण्याच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भाषेला हात लावण्याआधी उदाहरण स्वतः सोडवा आणि मुलाला डोक्यात काय काय करावं लागतं ते लिहून काढा. इथे एकूण पुस्तकं माहीत नाहीत. १/३ गेली म्हणजे २/३ उरली. त्या २/३ ची २/५ नोंदली म्हणजे त्या २/३ ची ३/५ राहिली. २/३ × ३/५ = २/५. एकूणाचे २/५ म्हणजे ७२, म्हणून एकूण १८०. यातल्या तीन गोष्टी खऱ्या गणिताच्या आहेत. दुसरा अपूर्णांक एकूणाचा नसून उरलेल्याचा आहे हे धरून ठेवणं, ७२ हा आकडा नोंद झालेल्यांचा नसून राहिलेल्यांचा आहे म्हणून २/५ ऐवजी ३/५ घेणं, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं जाणं.

सहकाऱ्यांच्या रूपात एकूण आधीच देऊन टाकलंय. त्यामुळे उलटं जाणं संपलं. मध्ये 'किती उरली?' विचारल्यामुळे पहिली पायरी कुठली हेही मुलाला ठरवायचं राहिलं नाही. उरलं फक्त दोन वेळा गुणून दोन वेळा वजा करणं. आकडे तेच आहेत, गोष्ट तीच आहे, म्हणून ते मूळ उदाहरणासारखं दिसतं. पण तो वेगळा प्रश्न आहे.

आता ओळखायचं कसं. मी नेहमी चुकीच्या उत्तरांची यादी करतो. मुलाने २/५ एकूणाचे धरले तर १ − १/३ − २/५ = ४/१५ राहतात आणि उत्तर २७० येतं. बरोबर वाटेवर जाऊन अर्ध्यात थांबला, म्हणजे ७२ ला ३/५ ने भागून उरलेल्या पुस्तकांपाशीच थांबला, तर १२० येतं. या गणितातल्या चुका आहेत. सोप्या भाषेतल्या रूपातही त्या घडू शकल्या पाहिजेत. नवं रूप वाचून २७० किंवा १२० उत्तर येणं अशक्य झालं असेल, तर तुम्ही भाषेसोबत गणितही काढून टाकलं आहे असं समजा. सहकाऱ्यांच्या रूपात २७० येऊच शकत नाही, आणि १२० हे तर मधल्या 'किती उरली?' चं बरोबर उत्तर आहे.

---

अनुस्वार

मी भाषा शिकवते, गणित नाही. पण वरचं वाक्य वाचून राहवलं नाही. "२/५ पुस्तकांची नोंदणी पूर्ण झाली असून त्यातील ७२ पुस्तकांची नोंदणी प्रलंबित". त्यातील म्हणजे कशातील? व्याकरणाने जवळचं नाम धरलं तर नोंदणी पूर्ण झालेल्या पुस्तकांतील! म्हणजे ज्यांची नोंद झाली त्यांतल्याच ७२ ची झाली नाही. हे वाक्य मराठी मातृभाषा असलेल्यालाही अडकवणारं आहे. आपल्याला पूर्वानुभवाने लेखकाला काय म्हणायचं असेल ते कळतं, म्हणून आपण त्यावरून पुढे सरकतो. भाषेत नव्या असलेल्या मुलाकडे तो अनुभव नसतो, तो शब्दाला शब्द लावून वाचतो आणि बरोबर तिथेच थांबतो.

बाकी अडचणी नेहमीच्याच. सगळं एका वाक्यात कोंबलंय. क्रियापदं 'झालेल्या', 'आल्यानंतर', 'असून', 'असल्यास' अशी अर्धवट लटकत राहतात आणि कोण काय करतं ते शेवटपर्यंत कळत नाही. प्राप्त, सुपूर्द, उर्वरित, अद्याप, प्रलंबित, प्रारंभी हे सहा शब्द मैदानावर कोणी बोलत नाही.

मी असं लिहीन:

> वाचनालयात नवीन पुस्तके आली.
> १/३ पुस्तके मुलांच्या विभागाला दिली.
> २/५ पुस्तकांची नोंद झाली.
> ७२ पुस्तकांची नोंद बाकी आहे.
> एकूण किती पुस्तके आली?

---

त्रैराशिक

अनुस्वारताई, 'त्यातील' तुम्ही नेमकं पकडलंत. पण तुमच्या रूपात तिसरी ओळ पाहा. 'उर्वरित' गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. आता २/५ सरळ एकूणाचे वाचले जातील. तुमचं रूप प्रामाणिकपणे वाचणाऱ्या हुशार मुलाचं उत्तर २७० येईल आणि त्याचं काहीही चुकलेलं नसेल.

भाषा सोपी करताना ही गफलत सर्वांत जास्त होते. वाक्यं छोटी करायच्या नादात 'त्यांपैकी', 'उरलेल्या', 'त्यानंतर', 'जर' हे जोडणारे शब्द गळतात. गणितातलं नातं नेमकं त्यांच्यातच असतं. सोपं रूप मूळ मजकुरापेक्षा लांब झालं तरी चालेल. एखादं नाम पुन्हा पुन्हा आलं तरी चालेल. ललित लेखनात ती पुनरुक्ती वाटेल, इथे मुलाला तो हात धरायला असतो.

---

अनुस्वार

मान्य. मग तिसरी ओळ "या उरलेल्या पुस्तकांपैकी २/५ पुस्तकांची नोंद झाली." आणि चौथी "उरलेल्या पुस्तकांपैकी ७२ पुस्तकांची नोंद अजून झाली नाही."

---

कोरा_कागद

मी स्वतः असा विद्यार्थी होतो. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, तीही अचानक पाचवीत. एक गोष्ट सांगतो, जी बाहेरून दिसत नाही. मी उदाहरण कोरं सोडायचो तेव्हा गणित येत नाही म्हणून सोडत नव्हतो. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचे शब्द निसटून जायचे. पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, पुन्हा निसटायचे. तोवर बाकीचे पुढच्या उदाहरणावर गेलेले असायचे.

आणि शिक्षक मला नेहमी सोप्या गणितांचा वेगळा कागद द्यायचे. त्यांचा हेतू चांगला होता. पण अवघड गणित माझ्यापर्यंत आलंच नाही. ते मला जास्त लागलं. रेघोटीताई, तुम्हाला ते सहकाऱ्यांचं रूप पटत नाहीये ना, ते बरोबर आहे. त्यावर ठाम राहा.

---

भिंगरी

माझी मुलगी याच वयाची आहे. आमची घरभाषा मराठीच, तरी तिला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत. मोठं वाक्य दिसलं की रडायला येते. तिलाही अशी सोपी करून दिलेली उदाहरणं चालतील का? की तिचा प्रश्न वेगळा आहे?

---

त्रैराशिक

@भिंगरी, आधी ती कुठे अडखळते ते शोधा. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली यासाठी पद्धत मांडली, ती आजही वापरतात. मुलाने चुकवलेलं उदाहरण घेऊन शेजारी बसायचं आणि पाच गोष्टी याच क्रमाने करायला सांगायच्या. प्रश्न मोठ्याने वाच. तुला काय शोधायचंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं शोधशील ते सांग. आता करून दाखव. आता उत्तर लिही. पहिल्यांदा जिथे गाडी थांबते ती अडचणीची जागा. मध्ये शिकवायचं नाही, हे सर्वांत अवघड.

पहिल्या दोनांत थांबली तर भाषा. ती दोन्ही नीट झाली आणि तिसऱ्याला थांबली तर सोप्या भाषेचा कागद तिला फारसा उपयोगी पडणार नाही. गोष्ट कळलीय, पण तिचं गणितात रूपांतर होत नाहीये. तिथे चित्र काढणं, पट्टीचे भाग पाडणं हा रस्ता. रेघोटीताईंनीही कोरे कागद दिलेल्या दोन-तीन मुलांना हे विचारून बघावं. सगळी कोरी पानं एकाच कारणाने कोरी नसतात. आणि काय शोधायचंय या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल घरच्या भाषेत सांगू पाहत असेल तर सांगू द्यावं, समजणारा वर्गमित्र शेजारी बसवावा.

---

पाटी_पेन्सिल

शून्य_बाकी यांचा टोला मान्य, पण माझा मुद्दा पूर्ण टाकून देऊ नका. काही शब्द मुलांना शिकवावेच लागतात. 'पैकी', 'पट', 'ने जास्त', 'अनुक्रमे' हे सोपे करून चालणार नाहीत. तेच गणिताचे शब्द आहेत. सगळंच सोपं केलं तर हे शब्द कधी शिकणार?

---

त्रैराशिक

हे अगदी बरोबर. दोन ढीग करायचे. सुपूर्द, प्रलंबित, प्रारंभी हे गणिताचे शब्द नाहीत, ते कार्यालयीन आहेत. त्यांच्यावाचून काही अडत नाही, काढा. पैकी, पट, किमान, प्रत्येकी हे ठेवा आणि शिकवा. फक्त शिकवताना शब्दाला क्रिया चिकटवू नका. 'शिल्लक' म्हणजे वजाबाकी असं शिकलेला मुलगा या उदाहरणात ७२ मधून काहीतरी वजा करत बसेल. ७२ आधीच शिल्लक आहेत, त्यांतून पुढे काही वजा करायचं नाही.

'ने जास्त' चं बघा. "पहिली दोरी ४८ मीटर आहे. ती दुसऱ्या दोरीपेक्षा १२ मीटरने जास्त लांब आहे. दुसरी दोरी किती?" वाक्यात 'जास्त' आहे आणि करायची वजाबाकी आहे. लुईस आणि मेयर यांनी १९८७ मध्ये दाखवलं की अशा उलट्या मांडणीत मोठी, महाविद्यालयात शिकणारी मुलंही उलटी क्रिया करून बसतात. म्हणजे हा फक्त दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्यांचा प्रश्न नाही.

---

वजाबाकी

मग या दोरीच्या उदाहरणाचं काय करायचं? "दुसरी दोरी पहिलीपेक्षा १२ मीटरने कमी" असं लिहिलं तर भाषा सोपी झाली की गणित?

---

त्रैराशिक

माझ्या मते गणित. नातं उलटं करून वाचणं हेच तिथलं काम आहे, ते तुम्ही करून दिलंत.

---

अनुस्वार

मला इतकं सरळ वाटत नाही. ते उदाहरण फक्त तुलना शिकवण्यासाठी असेल तर बरोबर. पण हीच दोरीची ओळ क्षेत्रफळाच्या एखाद्या मोठ्या उदाहरणात सुरुवातीला आली असेल आणि परीक्षा क्षेत्रफळाची असेल, तर तिथे ती वाट सरळ करून द्यायला काय हरकत आहे? मुलगा दारातच अडकला तर क्षेत्रफळ येतं की नाही हे कळणारच नाही.

---

त्रैराशिक

हं. उद्देश काय यावर ते अवलंबून, हे खरं. तरी सातवीत मी ती ओळ तशीच ठेवेन. यावर माझं आणि तुमचं एकमत होईलसं वाटत नाही.

---

दोन_ओळी

सगळं वाचलं. त्रैराशिक सरांच्या यादीत एक अडचण दिसली, म्हणून लिहितो.

२७० हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक वाट सरांनी सांगितली, २/५ एकूणाचे धरले की २७०. दुसरी अशी: मुलाने ७२ म्हणजे नोंद झालेली पुस्तकं असं वाचलं. अनुस्वारताईंच्या 'त्यातील' ने तसंच होईल. मग उरलेल्यांचे २/५ = ७२, उरलेली १८०, आणि १८० ÷ २/३ = २७०. म्हणजे एकाची गणिताची चूक आणि दुसऱ्याची वाचनाची चूक, पण उत्तर एकच. शिवाय या दुसऱ्या वाटेत मध्येच १८० येतं. तिथे थांबला तर चुकून बरोबर!

ताईंना भाषा अडवते की गणित हे कळून घ्यायचंय. या आकड्यांवरून ते कधीच कळणार नाही.

---

त्रैराशिक

वा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि हे अतिशय महत्त्वाचं आहे. मग आकडे बदलू. १/३ ऐवजी १/४ घ्या, २/५ तसेच ठेवा आणि ७२ ऐवजी १२६.

बरोबर उत्तर: उरले ३/४, त्यांचे ३/५ म्हणजे ९/२०. १२६ ÷ ९/२० = २८०. पडताळा: ७० दिली, २१० उरली, ८४ नोंदली, १२६ राहिली.

२/५ एकूणाचे धरले तर १ − १/४ − २/५ = ७/२०, उत्तर ३६०. उरलेल्यांपाशी थांबला तर २१०. १२६ ही नोंद झालेली समजली तर उरलेली ३१५ आणि एकूण ४२०. आणि आणखी एक वाचन शक्य आहे: बालविभागाला दिलेली पुस्तकंही नोंद न झालेलीच, असं एखाद्याने धरलं तर नोंद न झालेली १/४ + ९/२० = ७/१०, उत्तर १८०.

पाच वाटा, पाच वेगळी उत्तरं, सगळी पूर्णांक. पूर्णांक असणंही गरजेचं आहे. चुकीच्या वाटेवर २०५.७ पुस्तकं आली तर मूल लगेच सावध होतं आणि चूक आपल्याला दिसतच नाही.

४२० आणि १८० ही मुख्यतः वाचनाची उत्तरं आहेत. भाषा नीट सोपी झाली की ती गायब व्हायला हवीत. ३६० आणि २१० ही गणिताची आहेत. ती उरली तर घाबरायचं कारण नाही, ती उरायलाच हवीत. तिथून पुढे शिकवायचं.

---

कोरा_कागद

३६० पूर्णपणे गणिताचं म्हणता येईल का? मला 'उर्वरित' शब्द माहीत नसता तर मी तो गाळून पुढे वाचलं असतं आणि ३६० वरच आलो असतो.

---

त्रैराशिक

मूळ भाषेत दिलं तर नाही म्हणता येणार. 'उरलेल्या' असं दोनदा स्पष्ट लिहूनही ३६० आलं तर बहुधा गणित. पण "बहुधा"च. त्या मुलाला शेजारी बसवून न्यूमन यांचा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

---

वजाबाकी

मी इथे विरोधी मत नोंदवतो. परीक्षेत, स्पर्धा परीक्षेत, पुढे कुठल्याही कागदावर भाषा 'प्राप्त झालेल्या पुस्तकांपैकी' अशीच येणार आहे. तुम्ही वर्षभर छोटी वाक्यं दिलीत तर मुलं त्याच वाक्यांना सरावतील. मग खरी प्रश्नपत्रिका हातात आली की पुन्हा कोरा कागद. तुम्ही अडचण सोडवत नाही, पुढे ढकलता.

---

शून्य_बाकी

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीच सरळ लिहायचं असा धागा कोणीतरी काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

अनुस्वार

वजाबाकी, तुमची चिंता खरी आहे. पण कठीण वाक्य वाचायला शिकवणं आणि गणित येतं का ते तपासणं ही दोन कामं आहेत. दोन्ही एकाच वेळी, एकाच कागदावर केली की कुठलंच नीट होत नाही.

मी सुचवेन असं: सोपं रूप आधी द्या. गणित सुटलं की मग मूळ, अवघड वाक्य हातात द्या आणि सांगा, हीच गोष्ट इथे लिहिली आहे. तुझ्या प्रत्येक ओळीसाठी यातला तुकडा शोधून त्याखाली रेघ मार. 'या उरलेल्या पुस्तकांपैकी' साठी 'उर्वरित पुस्तकांपैकी' सापडेल. 'अजून झाली नाही' साठी 'अद्याप प्रलंबित' सापडेल. अर्थ आधीच डोक्यात असल्यामुळे शब्द अर्थाला येऊन चिकटतात. उलट क्रमाने केलं तर शब्दही जातात आणि अर्थही.

सहामाहीनंतर क्रम बदलत जा. आधी अवघड वाक्य, अडलं तरच सोपं.

---

वजाबाकी

रेघा मारायची कल्पना चांगली आहे. पण एवढा वेळ कोणत्या तासिकेत मिळणार? एका उदाहरणाला पंचवीस मिनिटं गेली तर पोर्शन कधी संपवायचा? मला अजून वाटतं की महिन्यातून एकदा करायला हे ठीक, रोज नाही.

---

पाटी_पेन्सिल

चित्र द्यायचं का शेजारी? चार भागांची पट्टी, एक भाग रंगवलेला, उरलेल्या तीन भागांचे पुन्हा पाच समान भाग. भाषाच लागणार नाही.

---

दोन_ओळी

ते काढून दिलंत तर २/५ कशाचे हे तुम्हीच सांगून टाकलं. ३६० येणारच नाही. पट्टी मुलाने काढायची. कोरी पट्टी छापून द्या फार तर.

बाय द वे, वाचनालय आणि नोंदणी हा संदर्भ मुलांना माहीत आहे का? पुस्तक आलं की वहीत त्याचा क्रमांक लिहितात, त्याला नोंद म्हणतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याला 'नोंद बाकी' म्हणजे काय ते कळणार नाही. पहिल्या ओळीच्या आधी एक ओळ घाला किंवा तोंडी सांगा.

---

भिंगरी

त्रैराशिक सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. मुलीने मोठ्याने छान वाचलं. काय शोधायचंय तेही सांगितलं. कसं शोधशील म्हटल्यावर गप्प. म्हणजे आमचं दुखणं तिसऱ्या पायरीचं. पट्टी काढायला बसवलंय. भाषेचं काही नव्हतंच म्हणायचं.

---

त्रैराशिक

छान. पट्टी तिला काढू द्या, तुम्ही पेन हातात घेऊ नका.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दोरी, पट्टी असा फिरून आला, पण प्रत्येक वळणावर मला काहीतरी मिळालं. तुमच्या सूचनांवरून बनवलेलं रूप हे:

> वाचनालयात नवीन पुस्तक आले की त्याची वहीत नोंद करतात.
> एका वाचनालयात काही नवीन पुस्तके आली.
> त्यांपैकी १/४ पुस्तके नोंद करून मुलांच्या विभागाला दिली.
> उरलेल्या पुस्तकांपैकी २/५ पुस्तकांची नोंद झाली.
> उरलेल्या पुस्तकांपैकी १२६ पुस्तकांची नोंद अजून झाली नाही.
> वाचनालयात एकूण किती नवीन पुस्तके आली होती?

'नोंद करून' हे १८० च्या वाचनासाठी घातलं. खाली एक कोरी पट्टी छापली, भाग न पाडता. अर्ध्या वर्गाला हे दिलं आणि अर्ध्याला मूळ अवघड वाक्य याच नव्या आकड्यांनी. दोन्ही गटांत दोन्ही प्रकारची मुलं होती.

मूळ वाक्याच्या गटात कोरे कागद खूप, आणि ४२० लिहिणारे बरेच. त्यात मराठी घरभाषा असलेलेही होते, म्हणजे 'त्यातील' ने सगळ्यांनाच फसवलं. नव्या रूपाच्या गटात ४२० आणि १८० जवळपास दिसलंच नाही. पण ३६० भरपूर. २१० सुद्धा. म्हणजे गणित शाबूत आहे. सहकाऱ्यांना हे कागद दाखवले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "सोपं केलंस तर चुका एवढ्या कशा?" मग आम्ही बराच वेळ बोललो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. नव्या रूपाच्या गटातही काही कागद कोरेच आले. त्यातल्या एका मुलीला पाच प्रश्न विचारले. तिने वाचलं, काय शोधायचं ते तिच्या भाषेत मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने मला मराठीत. पट्टी काढून १२६ बरोबर जागी लिहिलं. मग थांबली. विचारलं तर म्हणाली, एकूण दिलेलंच नाही, मग भाग कशाचे पाडायचे?

---

दोन_ओळी

ती एकदम जवळ आहे! तिला विचारा, १२६ किती छोट्या भागांत बसले आहेत? उरलेल्यांच्या पाच भागांपैकी तीन. मग एक भाग ४२. तिथून ती स्वतः २१० वर जाईल.

---

त्रैराशिक

हो, पण 'किती भागांत' हा प्रश्नही लगेच नको. आधी फक्त विचारा, "या पट्टीवर तुला काय काय माहीत आहे?" आणि थांबा. ४२ तिचं तिने शोधलं तर उत्तम. नाही सापडलं तर मग दोन_ओळी यांचा प्रश्न.

---

वजाबाकी

माझं पोर्शनबद्दलचं मत कायम आहे. पण रेघोटीताई, ती दोन्ही रूपं इथे छापण्याजोग्या स्वरूपात टाकाल का? माझ्या वर्गात मूळ वाक्य आणि रेघा मारण्याचा प्रयोग एका तासात बसतो का ते बघतो.

---

रेघोटी

नक्की. आज रात्री टाकते. पुढचं उदाहरण 'अनुक्रमे' असलेलं घेतलंय, तीन नळ आणि एक टाकी. अनुस्वारताई, त्याच्या चुकांची यादी आधी मी करते, मग भाषेला तुम्ही हात लावा.